अ‍ॅपचं पीआरडी असं लिहा, की कोड न येणारा माणूसही समजून सही करेल

एका क्लिनिकच्या अपॉइंटमेंट अ‍ॅपचं पीआरडी, म्हणजे प्रॉडक्ट रिक्वायरमेंट्स डॉक्युमेंट, मी लिहिलं होतं. त्यात एक ओळ होती, ‘पेशंटने अपॉइंटमेंट रद्द केल्यावर स्लॉट रिलीज होईल.’ रिसेप्शन सांभाळणाऱ्या मॅडमनी ती वाचली, मुख्य डॉक्टरांनी वाचली, दोघांनी सही केली. डेव्हलपरने पण वाचली आणि लिहिलं होतं तसंच बनवलं. अ‍ॅप सुरू झालं आणि चौथ्या दिवशी मॅडमचा फोन, की अहो आमच्या वेटिंग लिस्टवर लोक थांबलेत आणि रद्द झालेली वेळ अ‍ॅपवरून भलतंच कोणीतरी घेऊन जातंय.

चूक कोणाचीच नव्हती म्हटलं तरी चालेल आणि माझी होती म्हटलं तरी बरोबर. मॅडमच्या रोजच्या कामात स्लॉट मोकळा झाला म्हणजे वही उघडायची आणि वेटिंगमधल्या पहिल्या पेशंटला फोन लावायचा. डेव्हलपरच्या डोक्यात रिलीज म्हणजे तो स्लॉट सगळ्यांना परत दिसायला लागला. शब्द एकच, चित्रं दोन, आणि सही दोन्ही चित्रांवर झालेली. नंतर ते बदलायला दोन आठवडे गेले आणि तोवर रिसेप्शनवर रोज वाद.

तेव्हापासून मी लिहिलेल्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारते: ही ओळ वाचून अप्रूव्ह करणारा माणूस ‘नाही हो, असं नको’ म्हणू शकेल का? म्हणू शकत नसेल तर त्याने ‘हो’ म्हटल्यालाही काही अर्थ नाही. खाली जे सगळं लिहिलंय ते याच एका प्रश्नातून आलंय, आणि उदाहरण शेवटपर्यंत त्या क्लिनिकच्या अ‍ॅपचंच घेते म्हणजे धागा सुटणार नाही.

आधी ठरवा कोण कशावर सही करणार

आपण सहसा पूर्ण डॉक्युमेंट सगळ्यांना ईमेल करतो आणि ‘कृपया अप्रूव्ह करा’ लिहितो. मग डॉक्टर पहिली दोन पानं वाचतात, हिशोब बघणारे सर पेमेंट हा शब्द शोधून तेवढं बघतात, रिसेप्शनच्या मॅडमना वाटतं की मोठ्या लोकांनी बघितलंय म्हणजे बरोबरच असेल. सह्या तीन आणि नीट वाचलेलं कोणीच नाही.

म्हणून लिहायला बसायच्या आधी एक छोटा तक्ता करा, कुठला विषय कोणाचा. आमच्या केसमध्ये वेळापत्रक आणि रद्द करणं रिसेप्शनच्या मॅडमचं, पैसे आणि रिफंड हिशोबवाल्या सरांचं, पेशंटला जाणारे मेसेज आणि कुठली माहिती कोणाला दिसणार हे डॉक्टरांचं. एका विषयाला एकच माणूस. दोघांना विचारायला हरकत नाही पण शेवटचा शब्द एकाचाच, नाहीतर दोघांचं पटलं नाही की निर्णय तुमच्या गळ्यात पडतो आणि तो तुमचा नाहीच आहे. मग डॉक्युमेंटच्या प्रत्येक भागाच्या डोक्यावर लिहा, ‘हा भाग अमुक मॅडम बघतील, वाचायला साधारण १५ मिनिटं लागतील.’ हे मिनिटांचं लिहिणं छोटं वाटतं पण त्याने खूप फरक पडतो, कारण ४० पानं बघून जो माणूस पुढे ढकलतो तो १५ मिनिटांचं काम त्याच दिवशी करून टाकतो.

पहिलं पान: काय करणार, काय नाही करणार

पहिल्या पानावर अ‍ॅपचं कौतुक नको. कोणाची कुठली अडचण सुटणार आणि ती सुटली हे कशावरून कळणार, एवढं पुरे. आमच्याकडे ते असं होतं: पेशंटला वेळ घ्यायला फोन करावा लागतो, फोन सारखा बिझी असतो, आणि रिसेप्शनचा अर्धा दिवस त्या फोनमध्ये जातो. अ‍ॅप आल्यावर तीन महिन्यांनी वेळ घेण्यासाठीचे फोन निम्मे झाले पाहिजेत. आता ‘निम्मे’ म्हणायचं तर आज किती येतात ते माहीत पाहिजे, म्हणून मॅडमनी एक आठवडा प्रत्येक फोनला वहीत एक रेघ मारली. ते न करता लिहिलेला आकडा नुसता शोभेचा असतो.

त्याच पानावर ‘या व्हर्जनमध्ये हे नसेल’ असा भाग हवाच आणि तो ठळक हवा. व्हिडिओ कन्सल्टेशन नाही, रिपोर्ट बघायची सोय नाही, एका अकाउंटमध्ये घरातल्या बाकीच्यांची अपॉइंटमेंट घेता येणार नाही. ही तिसरी ओळ वाचून डॉक्टर थांबले आणि म्हणाले, ‘अहो, मग लहान मुलांच्या अपॉइंटमेंट कोण घेणार?’ एवढा मोठा मुद्दा आम्ही सगळेच विसरलो होतो. आणि तो सापडला ‘असेल’च्या यादीत नाही, ‘नसेल’च्या यादीत. माणसाला जे मिळणार नाहीये ते वाचताना जास्त नीट लक्ष जातं, याचा फायदा घ्या.

शब्द त्यांचे वापरा, तुमचे नाही

लिहायच्या आधी एक दिवस रिसेप्शनच्या बाजूला बसा आणि लोक काय शब्द वापरतात ते नुसतं टिपून ठेवा. मॅडम ‘बुकिंग कन्फर्म’ कधीच म्हणत नव्हत्या, त्या म्हणायच्या ‘वेळ दिली’. पेशंट आला नाही तर ‘आलेच नाहीत’, आणि उशिरा आला तर ‘मध्ये घेतलं’. हे ‘मध्ये घेणं’ आमच्या कुठल्याच स्क्रीनवर नव्हतं आणि प्रत्यक्षात दिवसातून चार-पाच वेळा होत होतं.

मग डॉक्युमेंटमध्ये शब्दांचं एक पान करा, दहा-बारा शब्दांपेक्षा जास्त नको. ‘स्लॉट: एका डॉक्टरची एका दिवसाची १५ मिनिटांची वेळ. स्लॉट मोकळा होणं: ती वेळ आधी वेटिंग लिस्टला विचारली जाते, लगेच सगळ्यांना दिसत नाही.’ बघा, रिलीजचा पूर्ण गोंधळ या दोन ओळींत मिटला असता. आणि एकदा शब्द ठरला की शेवटपर्यंत तोच. एका पानावर पेशंट, दुसऱ्यावर युजर, तिसऱ्यावर ग्राहक असं केलं तर वाचणाऱ्याला वाटतं हे तीन वेगळे लोक आहेत, आणि डेव्हलपरलाही कधीकधी तसंच वाटतं.

एक रिक्वायरमेंट प्रत्यक्ष लिहून बघू

आता मुख्य काम. अपॉइंटमेंट रद्द करणं हीच गोष्ट घेऊ. पहिल्यांदा मी जे लिहिलं होतं ते असं:

> सिस्टीमने युजरला अपॉइंटमेंट रद्द करण्याची सुविधा द्यावी. रद्द केल्यावर स्लॉट रिलीज होईल व योग्य ते नोटिफिकेशन पाठवले जाईल.

हे वाचून कोणी नाही म्हणेल का? नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नाहीये. ‘सुविधा द्यावी’ ला कोण विरोध करणार, आणि ‘योग्य ते’ म्हणजे काय ते प्रत्येकजण आपापल्या मनात भरून घेतो. ‘योग्य’, ‘लगेच’, ‘सोपं’, ‘आवश्यकतेनुसार’, ‘इत्यादी’ हे शब्द दिसले की समजा तिथे एक निर्णय घ्यायचा राहिलाय. मी लिहून झाल्यावर हे पाचही शब्द सर्च करते आणि प्रत्येक ठिकाणी थांबते.

परत लिहिताना तीन भागांत विचार करायचा: आधी परिस्थिती काय आहे, माणूस काय करतो, मग काय होतं. टेस्टर लोक अशाच पद्धतीने टेस्ट केस लिहितात, त्यामुळे हेच वाक्य पुढे त्यांनाही जसंच्या तसं कामाला येतं. फक्त खरे वाटणारे आकडे आणि वेळा घालायच्या:

> रद्द-१. पेशंटची उद्या सकाळी १०:३० ची अपॉइंटमेंट आहे. आज संध्याकाळी ६ वाजता तो ‘रद्द करा’ बटण दाबतो. अ‍ॅप एकदा विचारतं, ‘उद्या १०:३० ची अपॉइंटमेंट रद्द करायची?’ ‘हो’ म्हटल्यावर ती त्याच्या यादीत ‘रद्द’ अशी दिसते, भरलेले पूर्ण पैसे परत जातात, आणि वेटिंग लिस्टमधल्या पहिल्या पेशंटला मेसेज जातो. त्याने ३० मिनिटांत उत्तर दिलं नाही तर पुढच्याला.
>
> रद्द-२. तीच अपॉइंटमेंट, पण पेशंट सकाळी ८ वाजता अ‍ॅप उघडतो. आता ४ तासांपेक्षा कमी वेळ उरलाय म्हणून ‘रद्द करा’ बटणाच्या जागी ‘क्लिनिकला फोन करा’ दिसतं.

हे वाचल्यावर काय झालं सांगते. हिशोबवाले सर म्हणाले पूर्ण पैसे नाही, पेमेंट कंपनीचा चार्ज कापला जातो तो कोण भरणार ते आधी ठरवा. मॅडम म्हणाल्या ३० मिनिटं ठीक आहे पण रात्री अकराला मेसेज जाऊन चालणार नाही, लोक झोपलेले असतात आणि त्यांचा नंबर उगाच जाईल. म्हणून रद्द-३ तयार झालं, रात्री ९ नंतर रद्द झालं तर वेटिंगला विचारणं सकाळी ७ ला सुरू होईल. मग डेव्हलपरनेच विचारलं की ४ तास कोणाच्या घड्याळाने मोजायचे, पेशंटच्या फोनचं घड्याळ चुकीचं असू शकतं किंवा तो परदेशात असू शकतो. उत्तर: क्लिनिकच्या वेळेने, आणि फोनच्या घड्याळावर अवलंबून राहायचंच नाही.

एका गुळगुळीत वाक्यामागे चार निर्णय लपलेले होते आणि त्यातले तीन कोडचे नव्हतेच, धंद्याचे होते. ते डेव्हलपरने एकट्याने रात्री बसून घेतले असते, आणि कोणाला कळलंही नसतं.

प्रत्येक रिक्वायरमेंटला असा छोटा नंबर द्या. मीटिंगमध्ये ‘ते सातव्या पानावरचं मधलं’ म्हणण्यापेक्षा ‘रद्द-२ मला पटत नाही’ म्हणणं सोपं पडतं. आणि एकदा दिलेला नंबर परत दुसऱ्या गोष्टीला देऊ नका, ती रिक्वायरमेंट काढून टाकली तरी नाही, कारण जुन्या ईमेलमध्ये तो नंबर असतो.

स्क्रीनवर जे शब्द येणार ते तसेच लिहा

‘आठवण करून देणारं नोटिफिकेशन जाईल’ असं न लिहिता नोटिफिकेशनचा मजकूर अक्षरशः लिहा. आमच्या मसुद्यात होतं, ‘उद्या १०:३० वाजता त्वचारोग विभागात तुमची अपॉइंटमेंट आहे.’ डॉक्टरांनी ते बघितलं आणि लगेच म्हणाले, हे फोन लॉक असतानाही स्क्रीनवर दिसणार ना? शेजारी बसलेला वाचेल. विभागाचं नाव काढा. आणि खरंच, बऱ्याच फोनवर लॉक स्क्रीनवर नोटिफिकेशनचा मजकूर दिसतो. आज त्वचारोग आहे, उद्या अशा कुठल्या विभागाचं नाव असेल की पेशंटला घरच्यांनाही सांगायचं नसेल. मजकूर नुसता ‘उद्या १०:३० ला तुमची अपॉइंटमेंट आहे’ असा केला.

हा मुद्दा कुठल्याही टेक्निकल माणसाने पकडला नव्हता. डॉक्टरांनी पकडला, कारण त्यांच्यासमोर खरं वाक्य होतं. म्हणून सगळे मेसेज, बटणावरचे शब्द आणि चूक झाली की येणारी सूचना, हे सगळं एका तक्त्यात लिहून अप्रूव्हलला ठेवा.

गोष्टी बिघडल्यावर काय दिसतं

बहुतेक पीआरडी सगळं सुरळीत चाललंय असं धरून लिहिलेली असतात आणि प्रत्यक्षात कामाचा मोठा भाग बिघाडातच असतो. मी प्रत्येक स्क्रीनसमोर बसून विचारते: अजून काहीच डेटा नसेल तर काय दिसेल, माहिती यायला वेळ लागत असेल तर काय, इंटरनेट गेलं तर, माणसाने परवानगी नाकारली तर, आणि त्याच क्षणी दुसऱ्या कोणी तेच केलं तर. सगळ्या स्क्रीनला सगळे प्रश्न लागू होत नाहीत, पण विचारायचे सगळे.

शेवटचा प्रश्न घ्या. दोन पेशंटना १०:३० चा एकच स्लॉट मोकळा दिसतोय आणि दोघं एकाच मिनिटात तो निवडतात, मग पैसे भरायच्या स्क्रीनवर जातात. डेव्हलपर याला स्वतःच्या भाषेत काहीतरी लॉकिंग वगैरे म्हणतील, ते डॉक्युमेंटमध्ये नको. अप्रूव्ह करणाऱ्यासमोर दोन पर्याय परिणामांसकट ठेवा. पर्याय अ: ज्याने आधी निवडला त्याच्यासाठी स्लॉट ५ मिनिटं राखून ठेवायचा. परिणाम, त्याने पैसे भरलेच नाहीत तर ५ मिनिटं तो स्लॉट उगाच भरलेला दिसेल. पर्याय ब: जो आधी पैसे भरेल त्याचा. परिणाम, दुसऱ्याचे पैसे कापले जातील आणि स्लॉट मिळणार नाही, मग रिफंड आणि तक्रार. असं लिहिल्यावर हिशोबवाल्या सरांनी दहा सेकंदात अ निवडला. त्यांना कोडमधलं काही कळायची गरज पडली नाही, त्यांना रिफंडची कटकट माहीत होती.

तसंच पैसे कापले गेले आणि उत्तर यायच्या आत इंटरनेट गेलं, ही तर नक्की होणारी गोष्ट. त्यावेळी स्क्रीनवर ‘पेमेंट अयशस्वी’ आलं तर माणूस परत पैसे भरतो. म्हणून आम्ही लिहिलं की जोपर्यंत नक्की कळत नाही तोपर्यंत अ‍ॅप म्हणेल, ‘पेमेंट झालं का ते तपासतोय, कृपया परत पैसे भरू नका’, आणि १५ मिनिटांत कळलं नाही तर रिसेप्शनच्या यादीत ते लाल रंगात दिसेल. मग त्यावर मॅडमनी काय करायचं तेही लिहिलं, कारण अ‍ॅपचं काम संपतं तिथे माणसाचं सुरू होतं आणि तो भाग बऱ्याचदा कोणाच्याच डॉक्युमेंटमध्ये नसतो.

परवानगीचं एक सांगते, कारण हे मोबाइलचं खास आहे आणि अप्रूव्ह करणाऱ्यांना सहसा माहीत नसतं. आयफोनवर ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ ही सिस्टीमची चौकट अ‍ॅपला एकदाच दाखवता येते. माणसाने नाही म्हटलं की नंतर त्याने स्वतः सेटिंगमध्ये जाऊन चालू केलं तरच. अँड्रॉइडवरही १३ व्या व्हर्जनपासून नोटिफिकेशनसाठी विचारावं लागतं आणि दोनदा नाकारलं की ती चौकट येत नाही. म्हणजे अ‍ॅप उघडल्या उघडल्या विचारलं आणि माणसाने सवयीने नाही दाबलं तर तुमची आठवण करून द्यायची सोयच गेली. आम्ही लिहिलं की पहिली अपॉइंटमेंट घेऊन झाल्यावर विचारायचं, त्याआधी आपल्या शब्दांत कारण सांगायचं, आणि तरी नाही म्हटलं तर आठवण एसएमएसने जाईल. त्या एसएमएसचा खर्च येतो, तो सरांच्या सहीच्या भागात टाकला.

चित्रं कच्चीच ठेवा

प्रत्येक स्क्रीनचं चित्र हवं, पण हाताने काढलेलं किंवा करड्या चौकटींचं. रंगीत, तयार डिझाइन दाखवलं की चर्चा निळा रंग गडद हवा का यावर जाते आणि रद्द-२ कडे कोणी बघत नाही. शिवाय लोकांना वाटतं अ‍ॅप झालंच आहे, आता फक्त टाकायचं.

चित्रात नावं मात्र खरी वाटतील अशी घाला, आणि मुद्दाम लांब घाला. ‘पेशंटचं नाव’ असं लिहिलेली चौकट कधीच मोडत नाही, चार शब्दांचं नाव आलं की मोडते. फोनवर अक्षरं मोठी करून वापरणारे बरेच वयस्कर पेशंट असतात, तर एक चित्र मोठ्या अक्षरांचं पण ठेवा. चित्राच्या प्रत्येक बटणाशेजारी रिक्वायरमेंटचा नंबर लिहा. ज्या बटणाला नंबर नाही त्याने काय होतं हे कोणीच ठरवलेलं नाही, आणि ज्या नंबरला बटण नाही तो बहुतेक चित्रात राहिलाय. ही तपासणी कोणीही करू शकतं, पेन्सिल घेऊन वीस मिनिटांचं काम आहे.

‘फास्ट’चं काय करायचं

‘अ‍ॅप फास्ट असावं’ वर सगळे सही करतात. त्याऐवजी लिहा: साधारण तीन वर्षं जुन्या, मध्यम दर्जाच्या फोनवर, मोबाइल डेटावर, मोकळ्या वेळा २ सेकंदांत दिसल्या पाहिजेत, १० पैकी ९ वेळा. आकडा डेव्हलपरला विचारून ठरवा, स्वतःच्या मनाने नको. आणि अप्रूव्ह करणाऱ्याला नुसता आकडा कळत नाही, म्हणून मी मीटिंगमध्ये हातात घड्याळ घेऊन २ सेकंद आणि मग ५ सेकंद गप्प बसून दाखवते. पाच सेकंद किती मोठे असतात ते खोलीतल्या सगळ्यांना कळतं आणि परत कोणी वाद घालत नाही.

स्टोअरचे नियम हा पण निर्णयाचा भाग

वेबसाइट आपण हवी तेव्हा बदलतो, अ‍ॅपचं तसं नाही, आणि हे एका परिच्छेदात आधीच सांगून ठेवलं नाही तर नंतर फार गैरसमज होतात. नवीन व्हर्जन आधी अ‍ॅपल आणि गूगल तपासतात, त्याला वेळ लागतो आणि ते नाकारूही शकतात. पास झालं तरी सगळे लोक लगेच अपडेट करत नाहीत, काहींच्या फोनवर महिनोन्‌महिने जुनंच चालतं. तर ‘सोमवारपासून नवीन नियम लागू’ असं अ‍ॅपच्या भरवशावर जाहीर करता येत नाही. ज्या गोष्टी वारंवार बदलणार, आमच्या केसमध्ये ते ४ तास, वेटिंगची ३० मिनिटं, रात्रीची वेळ आणि डॉक्टरांच्या सुट्ट्या, त्या ‘क्लिनिक स्वतः बदलू शकेल, अपडेट लागणार नाही’ अशा वेगळ्या यादीत लिहा. ही यादी अप्रूव्ह करणाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडते आणि ती लांबत जाते, पण प्रत्येक ओळीमागे काम आणि खर्च वाढतो हेही तिथेच लिहा.

दुसरं, अकाउंट डिलीट करणं. अ‍ॅपमध्ये अकाउंट उघडता येत असेल तर ते बंद करायची सोयही अ‍ॅपमध्येच द्यावी लागते, अ‍ॅपलने ३० जून २०२२ पासून हे बंधनकारक केलंय. गूगल प्लेवर अ‍ॅपमधल्या सोयीशिवाय वेबवरूनही विनंती करता आली पाहिजे. यात क्लिनिकचा खरा प्रश्न असा की पेशंटने अकाउंट डिलीट केलं तर त्याच्या तपासणीच्या नोंदींचं काय? काही नोंदी कायद्याने ठेवाव्या लागू शकतात. त्याचं उत्तर ना माझ्याकडे होतं ना डेव्हलपरकडे, ते डॉक्टरांनी त्यांच्या वकिलांना विचारून आणलं. पीआरडीमध्ये आम्ही दोन वेगळ्या ओळी केल्या, काय पुसलं जाईल आणि काय राहील, आणि तेच शब्द डिलीटच्या स्क्रीनवर पेशंटलाही दाखवले.

टेक्निकल गोष्टी कुठे ठेवायच्या

सर्व्हर, डेटाबेस, एपीआय वगैरे डेव्हलपरच्या वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये. पण टेक्निकल दिसणारी एखादी गोष्ट पैशावर, वेळेवर किंवा पेशंटच्या माहितीवर परिणाम करत असेल तर ती इथे भाषांतर होऊन आलीच पाहिजे. ‘ऑफलाइन कॅशिंग असेल का’ याऐवजी ‘इंटरनेट नसताना पेशंटला आपली पुढची अपॉइंटमेंट दिसावी का? दिसायला हवी असेल तर ती माहिती फोनमध्ये साठवावी लागेल, आणि ज्याच्या हातात तो उघडा फोन असेल त्याला ती दिसू शकेल.’ आता डॉक्टर यावर मत देऊ शकतात.

अप्रूव्हलची मीटिंग

ईमेलवर ‘लुक्स गुड’ आलं तर ते मी अप्रूव्हल धरत नाही. त्या भागाचा जो माणूस आहे त्याच्यासोबत पाऊण तास बसते आणि मी वाचून दाखवत नाही, उलट त्यांना विचारते. ‘मॅडम, समजा एक पेशंट रात्री दहाला उद्याची अपॉइंटमेंट रद्द करतोय, तर सकाळी तुम्हाला काय दिसेल?’ त्या डॉक्युमेंट बघून उत्तर देतात. उत्तर माझ्या मनातल्याशी जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर त्या चुकलेल्या नसतात, लिहिणं चुकलेलं असतं, आणि मी ती ओळ तिथेच बसून बदलते. प्रत्येक भागाला असे तीन-चार प्रसंग पुरतात, त्यात एक तरी बिघाडाचा असावा.

डेव्हलपरला पण त्याच खोलीत बसवा, पण पहिली वीस मिनिटं त्यांनी बोलायचं नाही असं सांगून ठेवा, कारण समजावून सांगायची त्यांची इच्छा चांगलीच असते पण त्यांनी तोंडी समजावलं की डॉक्युमेंटमधलं भोक तसंच राहतं.

जे ठरत नाही ते ‘अजून ठरायचंय’ या यादीत जातं: प्रश्न काय, कोण ठरवणार, कधीपर्यंत, आणि नाही ठरलं तर आपण काय धरून चालणार. हा शेवटचा रकाना नसेल तर काम अडून बसतं. आमच्या यादीत पेमेंटच्या चार्जचा प्रश्न तीन आठवडे होता, पण ‘नाही ठरलं तर क्लिनिक भरेल’ असं लिहिलेलं असल्यामुळे डेव्हलपर थांबले नाहीत, आणि सरांनी शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी निर्णय दिला.

सही घेताना व्हर्जन नंबर आणि तारीख लिहा आणि सही कशावर आहे ते एका वाक्यात, ‘रद्द-१ ते रद्द-९ मी वाचलं, प्रसंग तपासले, असंच हवंय.’ त्यानंतर काही बदललं तर जुनी ओळ पुसायची नाही, शेवटच्या पानावर काय बदललं, का, आणि त्याने किती दिवस वाढले ते लिहायचं आणि फक्त त्या भागाच्या माणसाची परत सही घ्यायची. रद्द-१ मधली ३० मिनिटं नंतर २० झाली, मॅडमनीच सांगितलं. त्या नोंदीत तीन ओळी आहेत: तारीख, ‘वेटिंगमधले लोक लगेच उत्तर देतात, उगाच थांबावं लागतं’, आणि ‘काम वाढलं: शून्य दिवस’, कारण ३० हा आकडा आम्ही क्लिनिकने बदलायच्या यादीत टाकून ठेवला होता.